सतराचा पाढा आणि पंधरा लाख

११ जून २०२५, बुधवार. रक्कम पंधरा लाख रुपये. हजर चौघं: माझी बायको, मी, आमचे विमा एजंट आणि विमा कंपनीने पाठवलेले तपासनीस. जागा, वाशीममधल्या आमच्या घराची पुढची खोली. तिथले बाक मी एप्रिलमध्येच गच्चीवर नेऊन ठेवले होते. फळा भिंतीत पक्का बसवलेला होता, तो तिथेच राहिला.

त्या खोलीत माझी बायको अकरावी-बारावीचं गणित शिकवायची. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो, पगार सव्वीस हजार. तिच्या वर्गांचे खर्च जाऊन वर्षाच्या सरासरीने महिन्याला एक लाख तीस हजार उरायचे. घराचा हप्ता, नागपूरला फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीची फी, दर महिन्याच्या पाच तारखेला म्युच्युअल फंडात जाणारे चाळीस हजार, हे सगळं तिच्या कमाईतून. माझ्या पगारात किराणा, वीज आणि पेट्रोल. आम्हाला दोघांनाही याचं कधी वावगं वाटलं नाही. ती म्हणायची, ‘‘विहिरीवरची मोटर मी, तुमी पाइप. पाइपाले काय, पाणी आलं तर वाहते.’’ पाहुण्यांसमोरही म्हणायची. मीही हसायचो, कारण हिशेब तसाच होता.

मोटरीची गोष्ट एजंटांनी उचलली ती तिच्याचकडून. ते मालेगावचे, मोटारसायकलवर येतात, पन्नाशीचे आहेत. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. तीन वर्षांपूर्वी ते याच खोलीत, याच फळ्याखाली बसले होते. माझ्या नावाचा विमा आधीच होता. त्यांना तिचा काढायचा होता.

‘‘ताई, मोटर चोरीले गेली तर येक इमा,’’ ते म्हणाले, ‘‘म्हंजे मरणाचा. मोटर कोणी दगड घालून फोडली तर दुसरा, म्हंजे अपघाताचा. त्यात हात-पाय कायमचा गेला तरी पैसे, अन् काही आठवडे काम बंद पडलं तरी पैसे. पण मोटर आतून जळली तर? त्याले तिसरा लागते. गंभीर आजाराचा. हार्ट, कॅन्सर, लकवा, किडनी. आजार त्यायच्या व्याख्येत बसला की रक्कम येकदम हातात. दवाखान्याचं बिल किती झालं ते कोणी इचारत नाही.’’

‘‘अन् पंप बिघडला नाही, नुसता आवाज करून राह्यला तर?’’ तिने विचारलं.

‘‘तवा मेकॅनिकले फोन करा. मले नका करू.’’

मरणाचा एक कोटीचा घेतला. अपघाताचा पन्नास लाखांचा घेतला, तो स्वस्त होता. आजाराचाही पन्नास लाखांचाच घ्या, असं भाऊंचं म्हणणं होतं. त्यांनी माझ्याच कागदावर मांडून दाखवलं, की तुमच्या घराचं तीन वर्षांचं पाणी म्हणजे जवळजवळ पन्नास लाख. त्याचा हप्ता वर्षाला पंचवीस हजारांच्या वर जात होता. पंधरा लाखांचा साडेसात हजार. ती एक्केचाळीस वर्षांची होती, साखर नाही, दाब थोडासा, तोही त्या वर्षी तपासणीत निघाला नव्हता. ‘‘मले काय धाड भरली?’’ असं म्हणून तिने पंधरावर बोट ठेवलं. त्या महिन्यात मुलीच्या कॉलेजची पहिली फी भरायची होती. आकडा आम्हाला दोघांनाही पटला.

२७ फेब्रुवारीला, बारावीची परीक्षा चालू असताना, संध्याकाळच्या अकरावीच्या वर्गात ती फळ्यावर लिहिता लिहिता थांबली. मी नुकताच घरी आलो होतो. मुलींचा आवाज आला म्हणून पुढे गेलो. ती खुर्चीत बसली होती, खडू खाली पडला होता आणि उजवा हात मांडीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा होता. मी विचारलं, ‘‘काय झालं?’’ ती म्हणाली, ‘‘आराम हाय.’’

आमच्याकडे आजारी माणसाला कसं आहे विचारलं की तो हेच सांगतो. ताप एकशे तीन असला तरी. विचारणाऱ्याला घोर लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी तिला पाणी दिलं. ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली आलं, तेव्हा मी गाडी बोलावली.

अकोल्याला एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. डॉक्टरांनी फिल्मवर पेनने गोल करून दाखवलं. हात येईल, पाय येईल, असं ते म्हणाले. भाषेचा भाग गेलेला आहे, तो किती परत येईल ते आज सांगता येत नाही. नऊ दिवसांनी घरी आलो. दवाखान्याचं बिल मेडिक्लेममधून गेलं, ती पॉलिसी वेगळी.

हात खरंच आला. एप्रिलमध्ये ती पोळी लाटायला लागली. आली नाही ती भाषा. ज्याला आपण बोलणं म्हणतो, म्हणजे मनात एक गोष्ट येते आणि तिचा शब्द सापडतो, ते तिचं बंद झालं. मीठ हवं असलं तरी मीठ म्हणता येत नाही. माझं नाव नाही, मुलीचं नाव नाही. समोरच्याचं बोलणंही अर्धंमुर्धं कळायचं. पण काही वाक्यं तशीच्या तशी शिल्लक राहिली होती. दारात माणूस दिसलं की ‘‘या, बसा.’’ बसलं की ‘‘चहा मांडते.’’ कसं आहे विचारलं की ‘‘आराम हाय.’’ हाक मारायची तर ‘‘आवो.’’ ही वाक्यं स्वच्छ यायची, जुन्या आवाजात, जराही न अडखळता. डॉक्टरांनी सांगितलं, की हजारदा म्हटलेलं बोलणं मेंदूच्या दुसऱ्या वाटेने येतं. ते बोलणं नव्हे, सवय आहे.

मुलीलाही हे पहिले काही दिवस कळलं नाही. परीक्षेसाठी मी तिला नागपूरला परत पाठवलं होतं. ती रोज फोन करायची, कशी आहेस विचारायची, आई म्हणायची आराम हाय. एके दिवशी तिने मला वेगळा फोन केला. ‘‘बाबा, मी आज आईले म्हटलं का मी पेपरात नापास झाली. आई म्हणे, आराम हाय.’’

आता विम्याचं. अपघाताच्या पन्नास लाखांतून एक रुपया मिळणार नव्हता, कारण अपघात झालेला नव्हता. आमच्या घरांच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘जिन्यावरून पडल्या म्हणा ना. पन्नास लाख हाय. कोणं पाह्यलं?’’ मी भाऊंना हे सांगितलं नाही, पण त्यांच्या कानावर आलंच. ते म्हणाले, ‘‘एमआरआयनं पाह्यलं. गुठळी पडल्यानं नाही होत. अन् डोक्याले मार लागला असं लिवलं तर आजाराच्या इम्यातला लकवाबी जाते, त्यायच्या व्याख्येत मार बसत नाही. दोन्हीकडून हात धुवा लागन.’’ मला तसंही खोटं लिहायचं नव्हतं. पण इतकं बजावून सांगावं लागलं, याचा अर्थ माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

मरणाचा एक कोटीचा विमा ती जिवंत असल्यामुळे तसाच पडून होता. त्याचा हप्ता मात्र मे महिन्यात भरावा लागला. शोधून पाहिलं, आजारपणात हप्ता माफ होण्याची जोड आम्ही घेतलेली नव्हती.

राहिले पंधरा लाख. ती पॉलिसी मी तेव्हा पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. आजारानंतर माणूस तीस दिवस जिवंत राहायला हवा. ते झालं होतं. लकवा झाल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलेलं हवं आणि मेंदूच्या फोटोत दिसायला हवं. तेही होतं. आणि मज्जासंस्थेचं नुकसान कायमचं असल्याचा, निदान तीन महिने टिकल्याचा पुरावा हवा. म्हणजे मे अखेरपर्यंत थांबायचं.

ते तीन महिने कसे गेले हे सांगणं मला जड जातं. स्पीच थेरपिस्ट बाईंकडे आठवड्यातून दोनदा अकोल्याला जायचो. त्या चित्रांच्या पाट्या दाखवायच्या. गाय, कप, कुलूप. ती पाटीकडे बघायची आणि तिच्या कपाळावर घाम यायचा. एप्रिलच्या शेवटी एकदा कपाच्या चित्रावर ती ‘‘च…’’ म्हणाली. बाई आनंदाने टाळी वाजवून उठल्या. मी पण उठलो. आणि परतीच्या एसटीत, तिचं डोकं माझ्या खांद्यावर असताना, मी मोजत होतो की मे संपायला किती दिवस राहिले, आणि या ‘च’चा दाव्यावर काय परिणाम होईल. बरं व्हावं की होऊ नये, यातलं नेमकं काय मागायचं ते मला कळत नव्हतं. देवासमोर हात जोडले की मी गप्प उभा राहायचो.

चाळीस हजारांची एसआयपी एप्रिलमध्ये थांबवली. पुढच्या बॅचची आगाऊ घेतलेली फी पालकांना परत केली. त्यासाठी फंडातून पैसे काढावे लागले. एका पालकांनी पैसे घेताना विचारलं, ‘‘मॅडम कवा सुरू करतात मंग?’’ ती शेजारीच उभी होती. ‘‘चहा मांडते,’’ ती म्हणाली. ते गृहस्थ खुश होऊन गेले. गावात झालं की मॅडम बऱ्या आहेत.

तर ११ जून. तपासनीस नागपूरहून आले होते. चाळिशीचा, सभ्य माणूस. पायातले बूट दाराबाहेर काढून आत आला.

‘‘या, बसा,’’ बायको म्हणाली.

‘‘नमस्कार मॅडम. आता कसं वाटतंय?’’

‘‘आराम हाय.’’

त्यांनी लिहिलं. मी म्हणालो, ‘‘साहेब, हे एवढंच येतं. हे आपोआप…’’

‘‘हो हो, मला त्यांच्याशीच बोलू द्या,’’ ते म्हणाले. नियमाप्रमाणे बरोबर होतं त्यांचं. नातेवाइकाने मध्ये बोलायचं नसतं. त्यांनी तिला हात वर करायला लावला. खुणेने दाखवलं म्हणून तिने केला. बोटं दाबायला सांगितली. तिने जोरात दाबली. चालून दाखवलं. मग ती आत वळली आणि म्हणाली, ‘‘चहा मांडते.’’ आणि खरंच मांडायला गेली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘साहेब,’’ भाऊ म्हणाले, ‘‘त्यायले येखांद्या वस्तूचं नाव तर इचारा. हा पेन काय हाय म्हणून इचारा.’’

‘‘तुम्ही एजंट ना? तुम्ही शिकवू नका.’’

चहा आला. साखर बरोबर होती. कप ठेवताना त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. २७ फेब्रुवारीचं अर्धं गणित मी पुसलं नव्हतं.

‘‘गणित का? आमच्या मास्तरांनी सतराचा पाढा येईना म्हणून मला बाकावर उभं केलं होतं,’’ ते हसून म्हणाले. ‘‘अजून नाही येत बघा. सतरा एके सतरा, सतरा दुणे…’’

‘‘चौतीस,’’ बायको म्हणाली. ‘‘सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी…’’

ती सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत गेली. शिकवतानाच्या चालीत, शेवटचा आकडा जरा ओढून. इतक्या महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाने, आणि ते मी थांबवू शकलो नाही. तपासनिसांनाही आनंद झाला. ‘‘वा, मॅडम,’’ ते म्हणाले. कप बाजूला सारून त्यांनी लिहिलं.

ते गेल्यावर भाऊ बराच वेळ मोटारसायकलजवळ उभे होते. ‘‘भला माणूस होता,’’ ते म्हणाले. ‘‘वंगाळ असता तं बरं झालं असतं. त्यानं खोट काढाले म्हणून तरी चार प्रश्न इचारले असते.’’

जुलैत पत्र आलं. दावा नामंजूर. विमाधारक संवाद साधतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, अंकांचं पठण अचूक करतात, हातापायांची ताकद सामान्य. कायमस्वरूपी नुकसान सिद्ध होत नाही. एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते पत्र तिला वाचून दाखवलं. तिला कागद दाखवला की ती लक्ष देऊन ऐकायची, वर्गात मुलगा गणित सांगताना ऐकायची तशी. संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले. मग हाताशी जे होतं तेच निघालं: ‘‘आराम हाय.’’ ते म्हणतानाच तिला कळलं की आपल्याला हे म्हणायचं नव्हतं. तिने स्वतःच्या तोंडावर चापट मारली. मी तिचा हात धरला.

भाऊंनी मार्ग सांगितला. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नाहीच म्हणाले, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील नाही. अर्जाला अकोल्याच्या डॉक्टरांचं नवं प्रमाणपत्र जोडलं आणि स्पीच थेरपिस्ट बाईंच्या भाषेच्या चाचणीचे गुण. वस्तूंची नावं सांगणे: शून्य. सांगितलेलं वाक्य म्हणणे: वीसपैकी दोन. आणि एक ओळ, जी मी बाईंना मुद्दाम लिहायची विनंती केली: ठरावीक आणि पाठ असलेलं बोलणं टिकून आहे, त्यावरून संवादक्षमता ठरवू नये. आयुष्यभर तिचे गुण मी अभिमानाने सांगत आलो होतो. हे शून्य मी फोटोकॉपीवाल्याला तीन प्रतींत काढायला दिलं.

सप्टेंबरमध्ये कंपनीने नागपूरला आपल्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे तपासणीला बोलावलं. मुलगी तिथे येऊन थांबली. डॉक्टर वयस्कर होते. आम्ही त्यांच्या खोलीत शिरलो तर बायकोनेच त्यांना सांगितलं, ‘‘या, बसा.’’

‘‘बसलोय,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुम्ही बसा.’’

‘‘चहा मांडते.’’

ते हसले. मग हसणं थांबवून त्यांनी खिशातला पेन काढून समोर धरला. ‘‘हे काय आहे?’’

ती पेनकडे पाहत राहिली. तिच्या मागे उभी असलेली मुलगी ओठ घट्ट मिटून होती, जणू उत्तर तिच्याकडून सांडेल.

‘‘आराम हाय,’’ बायको म्हणाली.

घड्याळ. किल्ली. चष्मा. मग त्यांनी तपासनिसांचा अहवाल उलगडून सतराचा पाढा म्हणायला लावला, पहिला शब्द देऊन. ती सरळ दहापर्यंत गेली. ‘‘छान. आता सांगा, सतरा चोक किती?’’

ती पुन्हा सतरा एके सतरापासून सुरू करायला गेली. त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘‘नाही. फक्त चोक.’’

तिला चोक सापडेना. वीस वर्षं गणित शिकवलेल्या माझ्या बायकोला मी तिथे, खुर्चीच्या कडेला बसलेली, एक आकडा शोधताना पाहिलं. तिने मुलीकडे वळून पाहिलं, मदत मागितल्यासारखं. मुलगी रडत होती. माझ्या मनात एकच गोष्ट चालू होती, की तिने अडुसष्ट म्हणू नये. आणि दुसरी, की म्हणावं. दोन्ही एकदमच.

ती म्हणाली नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. निघताना मला म्हणाले, ‘‘पैसे मिळतील असं मी सांगू शकत नाही. मी फक्त दिसलं ते लिहितो.’’ मी आभार मानले. कशाबद्दल ते मला नीट सांगता आलं नसतं.

१४ ऑक्टोबरला मंजुरीचं पत्र आणि पैसे एकाच दिवशी आले. पत्राप्रमाणे रक्कम दिली की ती पॉलिसी संपली. भाऊंना फोन केला. ते म्हणाले, ‘‘चला, येक तं काम झालं.’’ मग, ‘‘पन्नासचा इषय आता नका काढू मनात.’’ मी काढला नव्हता, त्यांनीच काढला. पण हिशेब मी केलेला होता. एक लाख तीस हजारांनी भागलं तर पंधरा लाख म्हणजे साडेअकरा महिने. त्यातले साडेसात पैसे येण्याआधीच गेले होते. ती चव्वेचाळीसची आहे. साठीपर्यंत शिकवणार होती.

काही काढायचं तर पैसे तिच्या खात्यातून तिच्या सहीने काढावे लागतात. सही तिला येते. तीही हजारदा केलेली आहे. बँकेतल्या बाईंनी विचारलं, ‘‘मॅडम, तब्येत कशी आहे?’’ मी उत्तर द्यायच्या आधी तिने दिलं.

शेवटी जे दिलं गेलं ते असं. अपघाताच्या विम्यातून: काही नाही. आयुर्विम्यातून: काही नाही, उलट मे महिन्याचा हप्ता आम्ही भरला. गंभीर आजाराच्या विम्यातून पंधरा लाख रुपये, एकरकमी, माझ्या पत्नीच्या बचत खात्यात. त्यातून त्याच आठवड्यात तीन लाख दहा हजार मुलीच्या कॉलेजला, वर्षाची फी. उरलेले अकरा लाख नव्वद हजार तिच्याच नावाने मुदत ठेवीत ठेवले. पावती तिच्या हातात दिली.